मॉडेलची ‘९९ टक्के खात्री’ तपासायची कशी?

हस्तलिखित अक्षर ओळखणारं मॉडेल तुम्ही बनवलंत. चाचणीत ते ९२ टक्के अक्षरं बरोबर ओळखतं. आता त्याच्याकडून जुन्या वह्या उतरवून घ्यायच्या आहेत. सगळं माणसाने पुन्हा वाचायचं तर मॉडेलचा उपयोग काय? म्हणून साधारण सगळे एकच युक्ती करतात: मॉडेल प्रत्येक अक्षरासोबत खात्रीचा आकडा देतं, तो ०.९९ च्या वर असेल तर अक्षर थेट स्वीकारायचं, खाली असेल तर माणसाकडे पाठवायचं. सगळी भिस्त त्या आकड्यावर. तो आकडा खरा आहे का, हे मोजण्याला कॅलिब्रेशन तपासणं म्हणतात. अचूकता तपासणं हे वेगळं काम आहे.

अर्थ सरळ आहे. मॉडेलने ज्या ज्या अक्षरांना ‘९० टक्के खात्री’ म्हटलं ती सगळी एकत्र केली, तर त्यातली साधारण ९० टक्के बरोबर निघायला हवीत. एखादं अक्षर चुकलं म्हणून ‘९० टक्के’ खोटं ठरत नाही, कारण दहातलं एक चुकणारच होतं. तपासणी नेहमी ढिगाची होते, एका दाण्याची नाही.

उदाहरणासाठी मी देवनागरी हस्तलिखित अक्षरांचा एक खुला संच घेतो. नेपाळमधल्या संशोधकांनी तो २०१५ मध्ये मांडला आणि यूसीआयच्या संग्रहात तो मोफत मिळतो. त्यात ३२ × ३२ पिक्सेलची ९२,००० चित्रं आहेत आणि ४६ वर्ग: क पासून ज्ञ पर्यंत ३६ व्यंजनं आणि १० अंक. प्रत्येक वर्गाची २,००० चित्रं, त्यातली १,७०० शिकवायला आणि ३०० चाचणीला. म्हणजे चाचणीची एकूण १३,८०० चित्रं. पायटॉर्चमध्ये एखादं छोटं कॉन्व्होल्युशनल नेटवर्क यावर साध्या लॅपटॉपवरही शिकवता येतं. ते कसं शिकवायचं हे इथे सांगत नाही. मॉडेल तयार आहे असं धरून पुढे जाऊ.

पहिली पायरी: चाचणीची चित्रं दोन भागांत वाटा

१३,८०० चित्रांचे दोन भाग करा, प्रत्येक वर्गातली १५० इकडे आणि १५० तिकडे. पहिल्या भागावर दुरुस्ती करायची, दुसऱ्या भागावर शेवटचं मोजमाप. शिकवलेल्या चित्रांवर कॅलिब्रेशन मोजण्यात काही अर्थ नाही. ती मॉडेलने इतक्यांदा पाहिलेली असतात की तिथे त्याची खात्री आणि अचूकता दोन्ही जवळजवळ शंभराला टेकलेल्या दिसतील.

स्वतः गोळा केलेली अक्षरं वापरत असाल तर वाटणी चित्रांप्रमाणे न करता लिहिणाऱ्यांप्रमाणे करा. एकाच माणसाने काढलेला ‘भ’ शिकवण्यातही आणि चाचणीतही आला, तर मॉडेल त्या हाताला ओळखायला लागतं आणि मोजमाप उगाच छान येतं. उद्याची वही मात्र अनोळखी हाताची असणार.

दुसरी पायरी: टप्पे पाडा आणि मोजा

नेटवर्कच्या शेवटच्या थरातून प्रत्येक चित्रासाठी ४६ कच्चे आकडे बाहेर पडतात, त्यांना लॉजिट म्हणतात. सॉफ्टमॅक्स त्यांना अशा शक्यतांमध्ये बदलतं की सगळ्यांची बेरीज १ होते. त्यातली सर्वांत मोठी शक्यता ही मॉडेलची खात्री, आणि ती ज्या वर्गाची तो वर्ग हे त्याचं उत्तर. चित्रं खात्रीप्रमाणे टप्प्यांत घालायची आणि प्रत्येक टप्प्यात तीन गोष्टी पाहायच्या: चित्रं किती, सरासरी खात्री किती आणि प्रत्यक्षात बरोबर किती.

```python
p = torch.softmax(logits, dim=1)
conf, pred = p.max(dim=1)
ok = (pred == labels).float()
edges = [0, .5, .7, .9, .99, 1.01]
for a, b in zip(edges, edges[1:]):
    m = (conf >= a) & (conf < b)
    if m.any():
        print(a, b, int(m.sum()),
              conf[m].mean().item(), ok[m].mean().item())
```

बऱ्याच ठिकाणी शून्य ते एकचे दहा सारखे टप्पे पाडलेले दिसतील. मी मुद्दाम तसे पाडले नाहीत. असं मॉडेल बहुतेक चित्रांना ०.९ च्या वरची खात्री देतं. मग दहापैकी नऊ टप्पे रिकामे-रिकामे राहतात आणि सगळी गर्दी एका टप्प्यात कोंबली जाते. आपल्याला निर्णय ०.९९ वर घ्यायचा आहे, तेव्हा टप्पाही तिथेच तोडायला हवा.

तिसरी पायरी: तक्ता वाचा, आणि वरचा टप्पा सावकाश वाचा

हिशेब सोपा व्हावा म्हणून फक्त १,००० अक्षरं धरू. खालचे आकडे मी समजावण्यासाठी बसवलेले आहेत, तुमचे वेगळे येतील.

| खात्रीचा टप्पा | अक्षरं | सरासरी खात्री | बरोबर |
|---|---|---|---|
| ०.५ च्या खाली | २० | ४१% | ७ (३५%) |
| ०.५ ते ०.७ | ३० | ६०% | १५ (५०%) |
| ०.७ ते ०.९ | ५० | ८१% | ३२ (६४%) |
| ०.९ ते ०.९९ | १०० | ९६% | ८२ (८२%) |
| ०.९९ च्या वर | ८०० | ९९.८% | ७८४ (९८%) |

एकूण ९२० बरोबर, म्हणजे अचूकता ९२ टक्के. खात्रीची सरासरी काढली तर ९६.१ टक्के येते. मॉडेल सरसकट चार टक्क्यांनी फुशारकी मारतंय. नवख्या माणसाची नजर पहिल्यांदा तिसऱ्या-चौथ्या ओळीवर जाते, कारण ८१ आणि ६४ मधली तफावत डोळ्यांत भरते. शेवटच्या ओळीत ९९.८ आणि ९८, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी फरक. खात्री आडवी आणि अचूकता उभी असा आलेख काढला तर हा बिंदू, दोन्ही सारख्या असतात त्या आदर्श रेषेला चिकटलेलाच दिसेल.

पण आपलं काम चालणार आहे ते याच ओळीवर. ९९.८ टक्के खात्री म्हणजे ८०० अक्षरांत १.६ चुका होतील असा मॉडेलचा वायदा. प्रत्यक्षात चुका १६. वायद्याच्या दहापट! आणि या सोळा चुका माणसाच्या नजरेखालून जाणारच नाहीत, कारण त्या ‘पास’ झालेल्या ढिगात आहेत. चार अक्षरांच्या शब्दात हे कसं वाढतं पाहा. अक्षरामागे ९९.८ टक्के खरं असतं तर पूर्ण शब्द बरोबर येण्याची शक्यता ०.९९८ चा चौथा घात, म्हणजे ९९.२ टक्के. प्रत्यक्षातल्या ९८ टक्क्यांनी ती ९२.२ टक्क्यांवर येते. सव्वाशे शब्दांत एक चूक होईल असं धरून बसलेल्या माणसाला ती तेरा शब्दांत एक सापडते. (अक्षरांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून हा हिशेब केला आहे. खऱ्या वहीत एकाच माणसाचा ‘ध’ सगळीकडे सारखाच चुकतो, त्यामुळे काही पानं स्वच्छ जातात आणि काहींचा पार बोजवारा उडतो.)

म्हणून वरच्या टप्प्यात टक्क्यांची वजाबाकी करू नका, चुकांची संख्या मोजा. किती चुका व्हायला हव्या होत्या आणि किती झाल्या. आलेखात जे लपतं ते इथे लपत नाही.

आता उलट बाजूही बघू. दुसऱ्या ओळीत खात्री ६० आणि बरोबर ५०. हे मॉडेल इथे दहा टक्क्यांनी चुकतंय असं म्हणता येईल का? नाही. ३० अक्षरांच्या ढिगात निव्वळ योगायोगानेच निकाल अठरा टक्के वरखाली होऊ शकतो. ठोकताळा असा: बरोबरचं प्रमाण `a` आणि संख्या `n` असेल, तर

```
2 * sqrt(a * (1 - a) / n)
```

एवढी हालचाल योगायोगाची धरायची. चौथ्या ओळीत हे उत्तर साधारण ८ टक्के येतं आणि तफावत आहे १४ ची, म्हणजे दोष खरा. शेवटच्या ओळीत हालचाल १ टक्का आणि तफावत १.८, म्हणजे तिथेही खरा. दुसऱ्या ओळीवर भाष्य करायला आणखी अक्षरं हवीत. हा हिशेब न करता ‘मधल्या टप्प्यात मॉडेल गडबडतं’ असे निष्कर्ष काढलेले मी कितीतरी अहवालांत वाचले आहेत.

मधेच: एकच आकडा हवा असेल तर

प्रत्येक टप्प्यातली तफावत घ्या, चिन्ह सोडून द्या, टप्प्यातल्या अक्षरांच्या संख्येने वजन द्या आणि सरासरी काढा. याला अपेक्षित कॅलिब्रेशन चूक म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी ईसीई. आपल्या तक्त्यात ती ०.०४११ येते. शोधनिबंधांत हाच आकडा छापलेला असतो.

त्याच्या नादी फार लागू नये. एक टोकाचं मॉडेल घ्या: चित्राकडे न बघता प्रत्येक वेळी ‘क’ म्हणायचं आणि खात्री सांगायची १/४६, म्हणजे २.१७ टक्के. चाचणीच्या १३,८०० चित्रांत ‘क’ बरोबर ३०० आहेत, म्हणजे २.१७ टक्के. ईसीई शून्य! कॅलिब्रेशन निर्दोष, मॉडेल कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचं. त्यामुळे ईसीई कधीही एकटी सांगू नका. सोबत अचूकता द्या, किंवा ब्रायर गुण द्या. हवामानाच्या अंदाजांची परीक्षा घेण्यासाठी ग्लेन ब्रायर यांनी तो १९५० मध्ये मांडला. सांगितलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट यांच्या फरकाचा वर्ग करून सरासरी काढायची, इतकंच. त्यात फुशारकीलाही दंड बसतो आणि ‘कशालाच नक्की काही सांगता येत नाही’ या गुळमुळीत उत्तरालाही.

टप्पे बदलले की ईसीई बदलते, हेही लक्षात असू द्या. दहा टप्प्यांवरची एक आणि पन्नास टप्प्यांवरची दुसरी, अशा दोन ईसीईंची तुलना करण्यात काही हशील नाही.

चौथी पायरी: चुकलेली चित्रं उघडून बघा

दुरुस्तीच्या आधी त्या सोळा चुका स्क्रीनवर मोठ्या करून पाहा. हे काम कोणीच करत नाही, आणि अर्धा तासही लागत नाही. साधारण तीन तऱ्हेची चित्रं सापडतील. काहींत मॉडेल बरोबर असतं आणि चित्रावरची चिठ्ठी, म्हणजे ते अक्षर कोणतं ही नोंदच, चुकीची असते. ती बाजूला काढा, नाहीतर मॉडेलवर नसलेला आळ येतो. काही इतकी वेडीवाकडी असतात की तुम्हालाही सांगता येत नाही. उरलेली कामाची: घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, थ आणि य. घ आणि ध यांत हातातला फरक किती? शिरोरेषेला डावीकडे असलेली फट आणि एक छोटीशी गाठ. ३२ पिक्सेलच्या चित्रात ती फट दोन-तीन पिक्सेलची, आणि घाईत लिहिणारा माणूस ती बुजवूनही टाकतो.

या जोड्यांचा तक्ता वेगळा काढा. मॉडेलचं पहिलं किंवा दुसरं उत्तर घ किंवा ध आहे अशी सगळी चित्रं घ्या आणि तेच मोजमाप पुन्हा करा. पुष्कळदा एकंदरीत कॅलिब्रेशन बरं दिसतं, कारण ‘ट’ आणि ‘ल’ सारखी सोपी अक्षरं सरासरी सावरून धरतात आणि या जोड्यांची लबाडी झाकली जाते.

पाचवी पायरी: तापमान लावा

अशी नेटवर्क्स फुशारकी का मारतात? शिकताना त्यांना दंड बसतो तो बरोबर उत्तराला दिलेली शक्यता १ पेक्षा किती कमी आहे यावर. शिकवण्याच्या चित्रांपैकी जवळजवळ सगळी बरोबर यायला लागली तरी दंड शून्य होत नाही. तो आणखी कमी करायचा सोपा मार्ग एकच उरतो: उत्तर तेच ठेवून लॉजिट फुगवत जायचं. ०.९७ चे ०.९९९ होतात, नवीन काही शिकलेलं नसतं.

फुगवलेलं असेल तर सारख्या प्रमाणात उतरवता येतं. सगळे लॉजिट एका आकड्याने भागायचे, त्याला तापमान म्हणतात, `T`. २०१७ मध्ये चुआन ग्वो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आधुनिक नेटवर्क जुन्या छोट्या नेटवर्कपेक्षा अचूक असूनही जास्त फुशारकी मारतात, आणि बहुतेक वेळा हा एकच आकडा त्यांना बऱ्यापैकी ताळ्यावर आणतो.

एक अक्षर हाताने करून बघू. ‘घ’ चा लॉजिट ९, ‘ध’ चा ५, बाकीचे इतके मागे की सोडून देऊ. फरक ४, म्हणून घ ची शक्यता ५४.६ ला १, म्हणजे ०.९८२. `T` जर १.६ असेल तर फरक ४ ÷ १.६ = २.५, प्रमाण १२.२ ला १, शक्यता ०.९२४. उत्तर अजूनही घच आहे. सगळ्या लॉजिटना एकाच धन आकड्याने भागल्यावर त्यांचा क्रम बदलत नाही, त्यामुळे अचूकतेला धक्काही लागत नाही.

`T` अंदाजाने ठरवायचा नाही. पहिल्या पायरीत बाजूला ठेवलेल्या पहिल्या भागावर तो शोधायचा:

```python
# logits, labels: पहिल्या भागातले, logits.detach() केलेले
T = torch.nn.Parameter(torch.ones(1))
opt = torch.optim.LBFGS([T], lr=0.05, max_iter=100)

def step():
    opt.zero_grad()
    loss = torch.nn.functional.cross_entropy(logits / T, labels)
    loss.backward()
    return loss

opt.step(step)
print(T.item())
```

उत्तर १ पेक्षा मोठं आलं तर मॉडेल फुशारकी मारत होतं. १ पेक्षा लहान आलं तर ते उगाच बिचकत होतं. शिकवताना चिठ्ठ्या थोड्या पातळ केल्या असतील, म्हणजे बरोबर उत्तराला १ ऐवजी ०.९ दिले असतील, तर हे दुसरं दिसू शकतं. `T` पाच-दहा असा काहीतरी आला तर मात्र थांबा. बहुतेक वेळा चिठ्ठ्यांचा क्रम सरकलेला असतो. उलट `T` शून्याच्या जवळ आला, तर बहुतेक लॉजिटऐवजी सॉफ्टमॅक्स झालेल्या शक्यता दिलेल्या असतात.

सहावी पायरी: दुसऱ्या भागावर पुन्हा तोच तक्ता

आता `logits / T` घेऊन दुसऱ्या भागावर तक्ता काढा. ०.९९ च्या वरची गर्दी कमी झालेली दिसेल, कारण आधी ०.९९५ म्हणणारी बरीच अक्षरं आता ०.९७ म्हणतील. माणसाकडे जाणारं काम वाढेल. ते वाढायलाच हवं होतं.

इथे एक गैरसमज होतो. तापमानाने मॉडेल जास्त हुशार होत नाही. घ आणि ध वेगळे करण्याची ताकद होती तेवढीच राहते, चुकीची अक्षरं खात्रीच्या रांगेत जवळजवळ त्याच जागी राहतात, फक्त प्रत्येकावरचा आकडा खरा होतो. म्हणून मर्यादा नव्याने ठरवा. शंभरात किती चुका खपतील हे आधी ठरवा, मग दुरुस्त केलेल्या तक्त्यात तेवढ्या चुका कोणत्या आकड्याच्या वर राहतात ते बघा. ०.९९ हा आकडा काही शास्त्रात लिहिलेला नाही.

वरच्या टप्प्यात चुका अजूनही वायद्याच्या दुप्पट-तिप्पट असतील, तर एका `T` ने भागत नाही असं समजा. घ-ध सारख्या जोड्यांसाठी सरळ नियम करा: पहिली दोन उत्तरं अशी जोडी असेल तर खात्री कितीही असो, अक्षर माणसाकडे. शोभिवंत नाही, पण चालतं.

सातवी पायरी: खऱ्या वहीवर

आतापर्यंतचं सगळं मोजमाप त्या संचापुरतं खरं आहे. चाचणीत प्रत्येक अक्षराची सारखीच ३०० चित्रं आहेत. मराठी वहीत ‘र’, ‘त’, ‘न’ पानभर असतात आणि ‘ङ’ शोधून सापडत नाही. शिवाय संच नेपाळमधला. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ वेगळा काढला जातो. म्हणून वहीतली चार-पाचशे अक्षरं हाताने वाचून चिठ्ठ्या लावा आणि तक्ता त्यांच्यावर काढा. एवढ्या अक्षरांत बारीक टप्पे पाडू नका, ०.९९ च्या वर आणि खाली असे दोनच पुरेत.

आणि ‘ळ’? त्या ४६ वर्गांत ळ नाही. स्वर नाहीत, काना-मात्रा नाहीत, आणि जोडाक्षरं म्हणाल तर क्ष, त्र, ज्ञ एवढीच. सॉफ्टमॅक्सला शक्यतांची बेरीज १ करायचीच असते, त्यामुळे ‘हे मला माहीत नाही’ असं म्हणायला त्याच्याकडे जागाच नाही. ‘कमळ’ मधला ळ ते कोणत्यातरी ओळखीच्या अक्षराच्या पदरात टाकतं, कधीकधी मोठ्या खात्रीने. तापमानाने इथे फार काही साधत नाही, कारण `T` शोधताना ळ कधी समोर आलाच नव्हता.

पाचसहा जणांकडून प्रत्येकी दहा-वीस ळ लिहून घ्या आणि मॉडेलला दाखवा. किती ळ ०.९९ च्या वर जातात ते मोजा. दहातला एक जरी जात असेल तरी मर्यादा वर-खाली करत बसू नका. ळ, स्वर आणि नेहमीची जोडाक्षरं गोळा करून वर्ग वाढवा, मॉडेल पुन्हा शिकवा आणि पहिल्या पायरीपासून सगळं परत करा. जुना `T` नव्या मॉडेलला लागू होत नाही.